जर्मन विंडोजचा नवा लॅपटॉप, इंग्रजीत आणि मराठीत : एका पहिल्या सेटअपचे प्रकरण

माझा भाचा पुण्याहून पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या आखेनला गेला आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने स्थानिक दुकानातून लॅपटॉप घेतला. लॅपटॉपवर विंडोज ११ होम आधीच बसवलेले होते, कीबोर्ड जर्मन मांडणीचा होता आणि पहिल्यांदा चालू करताच समोर आलेला मजकूर संपूर्ण जर्मन होता. त्याचे जर्मन प्राथमिक पातळीचे, माझे शून्य. त्याला विंडोज इंग्रजीत हवे होते. शिवाय त्याची आई, म्हणजे माझी ताई, पुढे तीन महिने त्याच्याकडे राहायला जाणार होती, तेव्हा तिच्यासाठी त्याच लॅपटॉपवर मराठीत चालणारे वेगळे खाते करायचे होते. मी व्हिडिओ कॉलवर पुण्यातून सांगत होतो आणि तो तिथे करत होता. संगणक बसवून देणे हे माझे अनेक वर्षांचे काम असूनही या प्रकरणात आमची एक चूक झाली आणि ती निस्तरण्यासाठी एक जादा रीस्टार्ट करावा लागला. ती चूक कोणाच्याही हातून सहज होण्यासारखी असल्यामुळे सगळा क्रम तपशिलात लिहून ठेवतो.

पहिल्या पडद्यावर काय ठरते आणि काय ठरत नाही

विंडोज पहिल्यांदा सुरू होते तेव्हा भाषेची यादी दिसते. ही यादी इंटरनेटवरून येत नाही. कारखान्यात लॅपटॉपवर जी विंडोजची प्रत टाकलेली असते, तिच्यात ज्या भाषांचे पॅक आधीपासून आहेत तेवढ्याच भाषा तिथे दिसतात. काही उत्पादक युरोपसाठी एकाच प्रतीत चार-पाच भाषा घालून देतात. अशा यादीत `English` दिसले तर ती तिथेच निवडावी, कारण मग भाषेसाठी वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर मात्र `Deutsch` ही एकच ओळ होती. अशा वेळी वाय-फाय जोडले तरी यादी वाढत नाही आणि मागे-पुढे जाऊन काही उपयोग होत नाही. सेटअप जर्मनमध्येच पूर्ण करायचा आणि डेस्कटॉप दिसल्यावर भाषा बदलायची, एवढाच मार्ग उरतो. त्याचा विचार लॅपटॉप बंद करून दुकानात जाऊन ‘इंग्रजी विंडोज टाकून द्या’ असे सांगण्याचा होता. मी त्याला थांबवले, कारण होम आवृत्तीत ही गोष्ट घरबसल्या आणि विनाखर्च होते.

पुढचा पडदा देशाचा होता. भाचा म्हणाला, “मामा, इथे `Indien` निवडू का? म्हणजे तारखा आणि रुपये आपल्यासारखे दिसतील.” या ठिकाणी मी त्याला ठामपणे नाही म्हटले आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डिस्प्ले भाषा नंतर कितीही वेळा बदलता येते. तारखांची आणि अंकांची पद्धतही बदलता येते, आणि त्यासाठी साइन-आउटसुद्धा लागत नाही. पण सेटअपच्या वेळी निवडलेला देश विंडोज एका विशेष कामासाठी कायमचा लक्षात ठेवते. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली तिथल्या वापरकर्त्यांना काही सोयी मिळतात, उदाहरणार्थ एज ब्राउझर काढून टाकता येतो. हा संगणक त्या क्षेत्रातला आहे की नाही, हे विंडोज पहिल्या सेटअपमध्ये निवडलेल्या देशावरून ठरवते, आणि ते नंतर बदलायचे तर लॅपटॉप रीसेट करण्यावाचून दुसरा उपाय नाही. म्हणून राहतो तो देश, `Deutschland`, निवडला. या पडद्यांच्या मालिकेत सर्वांत जास्त काळजी भाषेच्या पडद्याची केली जाते. माझ्या मते ती देशाच्या पडद्याची करावी.

त्यानंतर कीबोर्डची मांडणी विचारली जाते. इथे हातातल्या कीबोर्डकडे पाहून उत्तर द्यावे, मनातल्या भाषेकडे पाहून नव्हे. जर्मन कीबोर्डवर `y` आणि `z` यांच्या जागा आपल्या सवयीच्या उलट असतात आणि `@` हे चिन्ह `AltGr` धरून `Q` दाबल्यावर येते. कळांवर छापलेले तसेच उमटायला हवे असेल तर मांडणीही `Deutsch` हवी. तेच निवडून `Ja` दाबले. दुसरी मांडणी जोडायची का, या प्रश्नाला `Überspringen`, म्हणजे ‘वगळा’, असे उत्तर दिले. पुढे वाय-फाय, परवान्याला `Annehmen`, मायक्रोसॉफ्ट खाते, अंकी पिन आणि गोपनीयतेचे प्रश्न, हा सगळा प्रवास जर्मनमध्ये झाला. कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या निळ्या बटणावर बहुतेक ठिकाणी `Weiter` असे लिहिलेले होते, त्यामुळे अडचण आली नाही. मध्ये एकदा लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला. तो भाषेमुळे झाला असे भाच्याला वाटले, पण सेटअपमधला तो रीस्टार्ट अपडेटसाठी होता आणि भाषा जर्मनच राहिली.

डेस्कटॉप दिसल्यावर पहिला अर्धा तास

भाषा न कळणाऱ्या विंडोजमध्ये सेटिंग्जचे योग्य पान शोधणे हेच अर्धे काम असते. त्यावर एक साधा उपाय आहे, जो कोणत्याही भाषेतल्या विंडोजवर चालतो. विंडोजची कळ आणि `R` एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या ‘रन’ नावाच्या छोट्या चौकटीत पानाचा पत्ता थेट टाइप करता येतो. हे पत्ते भाषांतरित होत नाहीत.

```
winver
ms-settings:windowsupdate
ms-settings:regionlanguage
```

जर्मन कीबोर्डवर विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह `Shift` धरून पूर्णविरामाची कळ दाबल्यावर येते आणि आडवी रेघ पूर्णविरामाच्या लगेच उजवीकडच्या कळीवर असते. भाचा ही दोन चिन्हे शोधत बसला, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

सर्वांत आधी `winver` चालवून आवृत्तीचे नाव पाहिले. तिथे `Windows 11 Home` असेल तर भाषा जोडता येते. त्याऐवजी `Home Single Language` असे असेल, तर त्या परवान्यात एकच डिस्प्ले भाषा चालते आणि दुसरी जोडायला गेल्यावर तसा स्पष्ट संदेश येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर हीच आवृत्ती असते, त्यामुळे इथून लॅपटॉप घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी आणि घरातल्या कोणासाठी दुसऱ्या भाषेत विंडोज करू पाहणाऱ्यांनी हे नाव आधीच वाचावे. तो संदेश म्हणजे बिघाड नव्हे, ती परवान्याची मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही डाउनलोडने ओलांडली जात नाही. भाच्याकडे साधी होम आवृत्ती होती.

यानंतर लगेच भाषा जोडायला जाऊ नये, असे मी म्हणतो. नव्या लॅपटॉपवर पहिल्या तासात विंडोज स्वतःहून महिन्याचे अपडेट आणि ड्रायव्हर उतरवत असते. भाषेचे पॅकही त्याच विंडोज अपडेटच्या वाटेने येते, त्यामुळे पुढे मोठे अपडेट असेल किंवा आधीच्या अपडेटचा रीस्टार्ट बाकी असेल तर भाषेची मागणी मागे अडून राहते. भाच्याने माझे ऐकण्याआधीच भाषा जोडायला घेतली होती आणि वीस मिनिटे प्रगतीची पट्टी जागची हलली नाही. त्याने ती रद्द करून पुन्हा सुरू केली, तरी तेच. मग अपडेटचे पान उघडले, तर तिथे दोन गोष्टी बसून झाल्या होत्या आणि रीस्टार्टची वाट पाहत होत्या. रीस्टार्ट केला, पान पुन्हा तपासले, बाकी काही राहिले नाही हे पाहिले आणि मगच पुढे गेलो. आणखी एक कारण असू शकते. मोबाइलचा हॉटस्पॉट ‘मर्यादित’ जोडणी म्हणून नोंदलेला असेल तर विंडोज मोठी डाउनलोड रोखून धरते. वसतिगृहाचे वाय-फाय अजून मिळालेले नाही म्हणून फोनवर काम चालवणाऱ्यांना हे हमखास भोवते.

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी असते. तिथे अपडेट कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून येत असतील आणि त्या सर्व्हरवर भाषेचे भाग ठेवलेले नसतील, तर जोडणी उत्तम असूनही `0x800F0954` हा त्रुटीचा क्रमांक दिसतो. त्यावर घरी करण्यासारखे काही नसते, व्यवस्थापकालाच सांगावे लागते.

इंग्रजी जोडणे : एक डाउनलोड, एक साइन-आउट

`ms-settings:regionlanguage` या पत्त्यावरच्या पानात `Sprache hinzufügen` असे बटण असते. ते दाबल्यावर भाषांची लांब यादी येते आणि वर शोधण्याची जागा असते. भाच्याने सवयीने भारताचे इंग्रजी निवडायला घेतले. विंडोजच्या पडद्यावरच्या मजकुराचे पूर्ण इंग्रजी पॅक दोनच आहेत, एक अमेरिकी आणि एक ब्रिटिश. यादीतली बाकीची इंग्रजी नावे मुख्यतः टायपिंग, उच्चार आणि तारखांच्या पद्धती यांसाठी आहेत. प्रत्येक नावाखाली छोट्या खुणा असतात, त्यांपैकी एक खूण ‘ही भाषा डिस्प्लेसाठी मिळते’ असे सांगते. ती पाहूनच निवडावे. आम्ही `Englisch (Vereinigte Staaten)` घेतले. भारतीय पद्धतीच्या तारखा आणि लाखांनुसार पडणारे स्वल्पविराम हवे होते, ते त्याच पानावर खाली प्रादेशिक स्वरूपात भारताचे इंग्रजी निवडून वेगळे मिळवले. तो बदल तत्काळ लागू झाला, फक्त उघडी असलेली ॲप्स बंद करून पुन्हा उघडावी लागली.

पुढच्या पानावर काय काय उतरवायचे याच्या चौकटी असतात. भाषेचे पॅक आणि साधे टायपिंग हे अनिवार्य, तर उच्चार, बोलून लिहिणे आणि हस्तलेखन हे ऐच्छिक. इंटरनेट मोजून वापरायचे असेल तर ऐच्छिक भागांवरच्या खुणा काढाव्यात, ते नंतर केव्हाही जोडता येतात. त्याच पानावर `Als meine Windows-Anzeigesprache festlegen` ही चौकट असते, म्हणजे ‘ही माझी विंडोजची डिस्प्ले भाषा करा’. ही खूण करायची राहिली तर पॅक उतरते, यादीत दिसते, पण पडदा जर्मनच राहतो, आणि माणूस समजतो की डाउनलोड बिघडले. खूण करून `Installieren` दाबले. डाउनलोड आणि बसवणे मिळून आमचे सुमारे बारा मिनिटांत झाले.

यानंतर विंडोजने रीस्टार्ट मागितला नाही, साइन-आउट मागितले. जर्मनमध्ये त्या बटणावर `Abmelden` असते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिस्प्ले भाषा ही त्या त्या खात्याची निवड आहे. ती खाते उघडताना वाचली जाते, त्यामुळे खाते बंद करून पुन्हा उघडणे पुरते. पॅक मात्र साऱ्या संगणकासाठी एकदाच उतरते. भाच्याने साइन-आउट करून पिन टाकला, आणि स्टार्ट, सेटिंग्ज, फोल्डरांची दिसणारी नावे सगळे इंग्रजीत आले. जिथे `Dokumente` दिसत होते तिथे `Documents` आले. डिस्कवर या फोल्डरांची मूळ नावे पहिल्यापासून इंग्रजीच असतात, भाषेनुसार फक्त दाखवण्याचे नाव बदलते, त्यामुळे फायली हलल्या नाहीत की हरवल्या नाहीत.

जिथे चूक झाली

खाते इंग्रजी झाले तरी पिन विचारणारा साइन-इनचा पडदा जर्मनच राहिला. तो कोणत्याही वापरकर्त्याचा नसतो, तो विंडोजच्या स्वतःच्या खात्याच्या भाषेत चालतो. नवे खाते उघडले असते तर तेही जर्मनमध्येच जन्मले असते. ही दोन्ही ठिकाणे बदलण्यासाठी जुन्या नियंत्रण पटलातला एक संवाद आहे. रनच्या चौकटीत `intl.cpl` टाइप केल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात `Administrative` या टॅबवर `Copy settings` असे बटण आहे. ते दाबल्यावर वर चालू वापरकर्त्याची आणि खाली साइन-इन पडद्याची माहिती दिसते. तळाशी दोन चौकटी असतात, एक `Welcome screen and system accounts` आणि दुसरी `New user accounts`. दोन्ही खुणा करून ‘ओके’ केले की मात्र खरोखर रीस्टार्ट लागतो, कारण इथे बदल साऱ्या यंत्रणेचा असतो.

आम्ही तेच केले, पण त्या संवादातल्या एका ओळीकडे आमचे दोघांचेही लक्ष गेले नाही. तो संवाद फक्त डिस्प्ले भाषेची नक्कल करत नाही. टायपिंगची भाषा, तारखांचे स्वरूप आणि ठिकाण यांचीही नक्कल करतो. अमेरिकी इंग्रजी जोडताना विंडोजने तिच्यासोबत अमेरिकी कीबोर्डची मांडणी आपोआप जोडली होती आणि इंग्रजी यादीत वर गेल्यामुळे तीच मूळ मांडणी झाली होती. भाच्याला टाइप करताना `y` आणि `z` उलटे येत असल्याचे जाणवले होते, म्हणून तो विंडोजची कळ आणि स्पेस दाबून जर्मन मांडणीवर येत असे आणि ते विसरूनही जात असे. त्यामुळे संवादात `Input language` या शब्दांपुढे अमेरिकी मांडणीचे नाव स्पष्ट लिहिलेले असूनही आम्ही पुढे गेलो. रीस्टार्ट झाला, साइन-इनचा पडदा इंग्रजीत आला, आणि त्याच्या अंकी पिनला काहीच अडचण आली नाही, कारण अंकांच्या जागा दोन्ही मांडण्यांत सारख्याच आहेत.

मग त्याने ताईसाठी मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचे स्थानिक खाते केले आणि त्याला पासवर्ड दिला. त्या पासवर्डमध्ये `y` होता. खाते करताना तो नेहमीप्रमाणे जर्मन मांडणीवर होता. साइन-आउट करून ताईच्या खात्यात शिरायला गेला, तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. त्याची खात्री होती की पासवर्ड बरोबर आहे, आणि तो बरोबरच होता. साइन-इनच्या पडद्यावर अमेरिकी मांडणी चालू होती, त्यामुळे `y` छापलेली कळ दाबली की तिथे `z` उमटत होता, आणि ठिपक्यांआड ते दिसत नव्हते.

निदान दोन गोष्टींनी झाले. पासवर्डच्या चौकटीच्या उजवीकडे डोळ्याची खूण असते, ती दाबून धरली की टाइप केलेले दिसते. तिथे अक्षर बदललेले दिसले. आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात `ENG` असे लिहिलेले होते. त्यावर दाबून `DEU` निवडले आणि तोच पासवर्ड स्वीकारला जाणार हे कळले. पण मी त्याला तेव्हा आत जाऊ दिले नाही. नव्या खात्याची मांडणी त्या खात्यात पहिल्यांदा साइन-इन होते त्या क्षणी बांधली जाते. ताईच्या खात्यात अजून कोणी शिरलेले नव्हते. आधी चूक दुरुस्त केली तर तिचे खाते योग्य मांडणीसहच तयार झाले असते, उलट आधी आत गेलो असतो तर तेच काम तिच्या खात्यात पुन्हा करावे लागले असते.

दुरुस्ती अशी केली. भाच्याच्या खात्यात भाषांच्या पानावर अमेरिकी इंग्रजीच्या ओळीशेजारच्या तीन टिंबांवर दाबून तिचे पर्याय उघडले. तिथे कीबोर्डांच्या यादीत आधी `German` जोडला आणि मग `US` काढून टाकला. भाषा इंग्रजी आणि कीबोर्ड जर्मन, अशी जोडी विंडोजला पूर्णपणे चालते. भाषा आणि कळांची मांडणी एकमेकींना बांधलेल्या नसतात, हे अनेकांना ठाऊक नसते. मग `intl.cpl` पुन्हा उघडून या वेळी `Input language` ची ओळ वाचली, तिथे जर्मन मांडणीचे नाव आहे हे पाहिले, दोन्ही खुणा केल्या आणि रीस्टार्ट केला. हा तो जादा रीस्टार्ट. कीबोर्डची दुरुस्ती नक्कल करण्याआधी केली असती तर तो लागलाच नसता.

जपानी, फ्रेंच किंवा अन्य कोणत्याही वेगळ्या कीबोर्डच्या लॅपटॉपवर हीच गोष्ट वेगळ्या अक्षरांवर किंवा चिन्हांवर घडते. फ्रेंच मांडणीत तर वरच्या ओळीतले अंकसुद्धा `Shift` धरल्यावर येतात, त्यामुळे तिथे जास्तच सावध राहावे.

ताईचे खाते मराठीत

मराठी शेवटी जोडण्यामागे कारण होते. विंडोजची मराठी ही जर्मन किंवा इंग्रजीसारखी संपूर्ण भाषा नाही. मायक्रोसॉफ्ट तिला दुसऱ्या भाषेवर चढवण्याचा थर म्हणून देते आणि तिची आधारभाषा इंग्रजी आहे. ज्या वाक्यांचे भाषांतर झालेले नाही ती आधारभाषेत दिसतात. संगणकावर फक्त जर्मन असताना मराठी चढवण्यापेक्षा, आधी इंग्रजी नीट बसवून मग मराठी घेतली की उरलेला भाग निदान ताईला वाचता येणाऱ्या इंग्रजीत येतो.

ताईच्या खात्यात शिरलो तेव्हा ते इंग्रजीत आणि जर्मन कीबोर्डसह तयार झाले. तिथे भाषांचे पान उघडून `Marathi` शोधले, डिस्प्ले भाषेची खूण केली, डाउनलोड होऊ दिले आणि साइन-आउट केले. रीस्टार्ट लागला नाही. भाच्याचे खाते जसेच्या तसे इंग्रजीत राहिले, कारण निवड खात्याची आहे. मराठी अक्षरे दिसण्यासाठी वेगळा फॉन्ट उतरवावा लागत नाही, निर्मला हा फॉन्ट प्रत्येक विंडोज ११ मध्ये असतोच. ताईच्या जुन्या फायली मंगल फॉन्टमध्ये होत्या, आणि मंगल मात्र देवनागरीच्या पूरक फॉन्टांमध्ये मोडतो. तो नसला तर फाइल उघडते, अक्षरेही दिसतात, पण वळण बदलते आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. तो ऐच्छिक सुविधांच्या पानावरून स्वतंत्रपणे मिळतो.

टायपिंगसाठी ताईला इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी येत नाही. मराठीच्या पर्यायांमध्ये `Marathi Phonetic` हा कीबोर्ड जोडून दिला, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की देवनागरी उमटते. मात्र तिचा पासवर्ड रोमन अक्षरांत आहे, त्यामुळे कोपऱ्यातली भाषेची खूण वाचायची सवय तिला पहिल्याच दिवशी लावली. आधीचा प्रसंग ताजा असल्याने त्याचे कारण तिला वेगळे समजवावे लागले नाही.

शेवटी सगळे नीट बसले का हे भाच्याच्या खात्यातून पॉवरशेलमध्ये तपासले. पहिली आज्ञा साध्या खिडकीत चालते, दुसरीसाठी प्रशासक म्हणून उघडावे लागते.

```
Get-InstalledLanguage
dism /online /get-intl
```

पहिल्या आज्ञेने तिन्ही भाषा दाखवल्या. जर्मन त्यांत राहणारच, कारण विंडोजची मूळ प्रत तिच्यावर उभी आहे. भाषांच्या यादीत ती खाली सरकवता येते, पण पायातून काढता येत नाही. याचा एक परिणाम आम्ही भाच्याला आधीच सांगून ठेवला. विंडोज सुरूच झाले नाही आणि दुरुस्तीचा निळा पडदा आला, तर तो जर्मनमध्ये येईल. तो भाग डिस्कवर वेगळ्या छोट्या प्रतीत असतो आणि सेटिंग्जमधून उतरवलेले भाषापॅक त्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. तोही इंग्रजीत हवा असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून इंग्रजी विंडोज किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन सगळे पुसून नव्याने बसवावे लागते, त्यानंतर उत्पादकाचे ड्रायव्हर शोधावे लागतात आणि डेटा आधी बाहेर काढावा लागतो. केवळ एका पडद्यासाठी एवढे करणे मला पटले नाही. त्याऐवजी त्या पडद्यावरच्या चार शब्दांचे अर्थ त्याने कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवले : `Fortsetzen` म्हणजे पुढे चालू ठेवा, `Problembehandlung` म्हणजे दुरुस्तीचे पर्याय, `PC ausschalten` म्हणजे संगणक बंद करा, आणि `Abbrechen` म्हणजे रद्द करा.